सहा फुटांच्या कपाटाचे तीन भाव

*ताई, बदलापूरला चौथ्या मजल्यावर आमचं पहिलं घर झालं. यंदाची दिवाळी तिथेच करायची आहे, म्हणजे हातात दीड महिना. बेडरूमसाठी सहा फूट रुंद, सात फूट उंच कपाट आणि खाली सामान ठेवता येईल असा डबल बेड हवा आहे. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात कपाटाचे २९,००० आणि बेडचे २२,००० सांगितले. ऑनलाइन कपाट २४,००० ला आणि शीशमचा बेड २६,००० ला दिसतो. सुतार कपाटाचे ६२,००० आणि बेडचे ३८,००० मागतो. हे म्हणतात ऑनलाइन घेऊ, सासरे म्हणतात सुतारच. एवढा फरक कशाचा? आम्ही काय करावं?*

*– बदलापूरहून एक वाचक*

तुमचं पत्र वाचल्यावर मी माझी वही काढली. गेली बरीच वर्षं मी डोंबिवली-अंबरनाथ भागात घरांच्या फर्निचरची कामं करून घेते, आणि अलीकडेच अगदी याच मापाचं कपाट अंबरनाथच्या एका घरात केलं होतं. माल आम्ही स्वतः आणला आणि सुताराला फक्त मजुरी दिली, त्यामुळे प्रत्येक रुपया लिहिलेला आहे. तोच हिशोब तुमच्यापुढे ठेवते, कारण ‘एवढा फरक कशाचा’ याचं उत्तर त्यातच आहे.

सहा बाय सातच्या कपाटाचा दर्शनी भाग ४२ चौरस फूट होतो. पण दोन बाजू, मधली उभी फळी, वरची-खालची फळी, पाच आडवे कप्पे आणि चार दारं धरली की १८ मिलिमीटरच्या प्लायचे पाच पूर्ण ताव लागतात. एक ताव आठ बाय चारचा, म्हणजे ३२ चौरस फुटांचा. पाठीला आणि खणांच्या तळाला ६ मिलिमीटरचे दोन ताव. आम्ही पाण्याला टिकणारा, बीडब्ल्यूआर दर्जाचा प्लाय घेतला, ९५ रुपये चौरस फुटाने. सगळा प्लाय १८,००० च्या आसपास गेला. बाहेरून एक मिलिमीटरची आणि आतून पातळ अशी सनमायका मिळून ८,२५०. फेविकॉल, स्क्रू, कडेच्या पट्ट्या ४,५००. सॉफ्ट क्लोजच्या सोळा बिजागऱ्या, खणांचे चॅनल, कुलपं, मुठी, हँगरचा दांडा ६,०००. मजुरी दर्शनी चौरस फुटाला ४००, म्हणजे १६,८००. टेम्पो आणि हमाली १,५००. एकूण ५५,००० च्या जरा वर.

तुमचा सुतार मालासकट ६२,००० सांगतोय. माल आणणं, कापताना फुकट जाणारे तुकडे, चुकलेलं दार पुन्हा करून देणं या सगळ्याची जबाबदारी त्याच्यावर आहे. त्यासाठी सहा-सात हजार वर धरले तर तो माणूस रास्त बोलतोय. अट एकच, प्लाय त्याच दर्जाचा हवा.

आता हेच कपाट प्री-लॅम पार्टिकल बोर्डमध्ये करायचं ठरवलं तर काय होतं बघा. लाकडाचा भुसा आणि बारीक चिपा गोंदाने दाबून हा बोर्ड करतात, आणि दोन्ही बाजूंना नक्षीचा कागद कारखान्यातच चिकटवलेला असतो. माझ्याकडे त्याचा दर ४५ रुपये चौरस फूट आहे. पाच तावांचे ७,२०० आणि पाठीचे १,८०० धरा. वेगळी सनमायका नाही, ती चिकटवायचा फेविकॉल नाही, चिकटवण्याची मजुरी नाही. प्लाय, सनमायका आणि फेविकॉल मिळून जिथे माझे ३१,००० गेले, तिथे हे काम ९,००० मध्ये उरकतं. वर कारखान्यात मशिनवर एकाच मापाचे शेकडो तुकडे कापले जातात, त्यामुळे मजुरीही फार थोडी पडते. ऑनलाइनचं २४,००० चं कपाट असं तयार होतं. म्हणजे तुमच्यापुढे एका कपाटाचे तीन भाव नाहीत. ती दोन किंवा तीन वेगळी कपाटं आहेत आणि फक्त फोटोत ती सारखी दिसतात.

पार्टिकल बोर्ड टाकाऊ असतो असं मी म्हणणार नाही. भाड्याच्या घरात, कोरड्या हवेत, एकदा जोडून पुन्हा न हलवलेलं कपाट चांगली सात-आठ वर्षं जातं. त्याची दुखणी मात्र ठरलेली आहेत, आणि दोन्ही आपल्या भागात लवकर उठतात. पहिलं पाणी. कडेची पट्टी जिथे सुटते तिथून ओल आत शिरते, भुसा फुगतो, आणि फुगलेला बोर्ड वाळल्यावर पुन्हा बसत नाही. रोज ओल्या फडक्याने लादी पुसताना कपाटाची खालची कड भिजते, आणि बदलापूरला जून ते सप्टेंबर हवाच ओलसर असते. दुसरं दुखणं स्क्रूचं. भुशात स्क्रूची पकड पहिल्यांदा जी बसते तीच. सात फुटी दाराचं वजन बिजागरीवर येतं, भोक सैल होतं, दार लोंबतं, आणि पुन्हा आवळायला गेलं की भोकातून भुकटी पडते.

हे मी घरीच भोगलं आहे. नात्यातल्या एका घरासाठी मी ऑनलाइन कपाट मागवलं होतं. आलं वेळेत, दिसत होतं सुरेख. जोडताना एका बाजूची फळी चुकीची निघाली, आणि तिची बदली यायला एकोणीस दिवस लागले. तोवर कपडे खोक्यांत. तेही चाललं असतं, पण चार वर्षांनी घर बदललं, कपाट खोलून पुन्हा जोडलं, आणि जोडाच्या अर्ध्या खाचा निकामी झाल्या. शेवटी सुताराला बोलावून आतून लोखंडी कोन मारावे लागले. कपाटाच्या किमतीची त्या दिवशी मी पुन्हा बेरीज केली.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि ती बहुतेक लोकांना कपाट घरी आल्यावरच कळते. नव्या घरात भिंतीच्या तळाशी तीन-चार इंच उंच टाइलची स्कर्टिंग असते. ती भिंतीपेक्षा थोडी पुढे आलेली असते. तयार कपाट त्या स्कर्टिंगला टेकतं आणि वर मागे फट राहते, तिथे धूळ आणि झुरळं. सुतार बाजूच्या फळीला खाली तेवढी खाच पाडतो आणि कपाट भिंतीला चिकटवून बसवतो. शिवाय भिंती सरळ नसतात. तुमची कपाटाची जागा जमिनीलगत, कमरेला आणि डोक्याच्या उंचीवर अशा तीन ठिकाणी मोजा. अर्ध्या इंचाचा फरक निघाला तर नवल वाटून घेऊ नका. सहा फुटांच्या कोनाड्यात नेमकं सहा फुटांचं तयार कपाट मागवलं तर ते आत जाणारच नाही. लहान मागवलं तर बाजूला फट.

ऑनलाइन कपाटाची आतली खोलीही बघा, बाहेरची नव्हे. हँगर साधारण १७-१८ इंच रुंद असतो, त्यावर शर्टाच्या बाह्या. आतून निदान २० इंच मोकळी जागा नसेल तर दार लावताना रोज एक बाही अडकेल.

म्हणून कपाटाच्या बाबतीत मी तुमच्या सासऱ्यांच्या बाजूने आहे. घर तुमचं आहे, कपाट भिंतीला बसणार, ते पंधरा वर्षं हलणार नाही, आणि तिथल्या पावसाळ्याला तोंड देणार. या कामाला प्लाय आणि सुतार हवा.

बेडचं तसं नाही. बेड भिंतीच्या मापात बसवायचा नसतो, उद्या खोली बदलली तर तो हलतो, आणि त्याचं माप गादीवरून ठरतं. इथे सुताराला ३८,००० देण्याची गरज मला दिसत नाही.

पण त्याआधी शीशमबद्दल सांगते, कारण या नावावर आपली मराठी माणसं हमखास भुलतात. शीशम म्हणजे आपल्या आजीच्या घरातली शिसवी, असं वाटतं. ती ही नव्हे. आपली काळसर जांभळी शिसवी हे पश्चिम घाटातलं एक झाड, आणि उत्तर भारतात नदीकाठी वाढणारा शीशम हा त्याचा चुलतभाऊ. शीशमही चांगलं, टणक लाकूड आहे. पण त्याचा गाभाच टिकाऊ असतो. कडेचा फिकट, पांढुरका भाग किडीला आवडतो. बेडच्या खाली बारीक पिठासारखी भुकटी दिसू लागली की समजायचं, तो पांढुरका भाग वापरलेला आहे. पॉलिश गडद असेल तर फोटोत तो ओळखू येत नाही. दुसरं असं की यातला पुष्कळ माल राजस्थानात, जोधपूरकडे तयार होतो. तिथल्या कोरड्या हवेत वाळलेलं अस्सल लाकूड आपल्याकडे जुलैमध्ये ओल धरून फुगतं आणि बेडखालचे खण ओढताना अडकतात. आणि शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. अशा पुष्कळ बेडची चौकट आणि डोक्याकडची बाजूच शीशमची असते. सामानाची पेटी आणि गादीखालचा तळ प्लायचा किंवा एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या बोर्डचा असतो. वेबसाइटवर साहित्याची माहिती खालपर्यंत वाचा. पेटी कशाची आहे हे तिथे लिहिलेलं नसेल तर विक्रेत्याला लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर तो बेड सोडून द्या.

बेड बाजारातून घ्या, पण दुकानात मांडलेला उचलू नका. ऑर्डर देऊन करून घ्या. उल्हासनगरच्या बाजाराची खरी ताकद तयार मालात नाही. तिथल्या अनेक दुकानदारांचं स्वतःचं कारखान्यासारखं वर्कशॉप असतं आणि ते तुमच्या मापाने, तुम्ही सांगाल त्या प्लायमध्ये करून देतात. पहिल्यांदा सांगितलेला २२,००० चा भाव बहुधा साध्या कमर्शियल प्लायचा किंवा पार्टिकल बोर्डचा असणार. दुकानदाराला सरळ विचारा: ‘बॉडी कशाची, तळ कशाचा, डोक्याकडची बाजू कशाची?’ तीनही वेगवेगळं विचारा, कारण ‘प्लायचा आहे’ हे वाक्य बहुतेक वेळा पेटीच्या चार बाजूंपुरतं खरं असतं. मग सांगा, सगळं १८ मिलिमीटर बीडब्ल्यूआरमध्ये करून द्या आणि पक्क्या बिलासकट भाव सांगा. माझ्या अंदाजाने ते चार-पाच हजार वाढवतील. २७,००० पर्यंत मिळाला तरी सुतारापेक्षा ११,००० वाचतात.

यातली एक अट मात्र सोडू नका. बेड कच्चा असताना, म्हणजे सनमायका चिकटवण्याआधी, तुम्ही वर्कशॉपला जाऊन बघणार, हे ऑर्डर देतानाच ठरवा. बदलापूरहून लोकलने दुसरंच स्टेशन आहे, एका संध्याकाळचं काम. कच्च्या बेडवर प्लायचा शिक्का दिसतो. आयएसआयची खूण, साध्या किंवा बीडब्ल्यूआर प्लायसाठी ‘आयएस ३०३’ हा क्रमांक, शेजारी दर्जाचं नाव, आणि ‘सीएम/एल’ पासून सुरू होणारा परवाना क्रमांक. आयएस ३०३ या एकाच क्रमांकाखाली साधा, नुसत्या दमट हवेपुरता टिकणारा एमआर प्लायही येतो, त्यामुळे पुढची बीडब्ल्यूआर ही अक्षरं बघितल्याशिवाय समाधान मानू नका. परवाना क्रमांक बीआयएस केअर या सरकारी अ‍ॅपमध्ये टाकला की तो कोणत्या कंपनीचा आणि कशासाठी आहे हे दिसतं. फोटो काढून ठेवा. मग कापलेली कड बघा. थर एकसारखे असावेत, मध्ये पोकळी नको. बोटाच्या पेराने ठिकठिकाणी वाजवा. एका जागी आवाज पोकळ आला तर आत थर अपुरा आहे, आणि स्क्रू नेमका तिथे आला तर धरणार नाही.

शिक्क्यावर विश्वास बसत नसेल तर वर्कशॉपमध्ये पडलेला हातभर तुकडा मागून घ्या. कोणी नाही म्हणत नाही. त्याची बोटभर पट्टी कापून घरी पातेल्यात चार तास उकळा. साध्या एमआर प्लायचा गोंद उकळत्या पाण्यात विरघळतो आणि थर पानांसारखे सुटतात. बीडब्ल्यूआरचे थर घट्ट राहिले पाहिजेत. सुताराच्या कपाटाच्या प्लायलाही हीच परीक्षा लावा, आणि ती पाच ताव कापायच्या आधी लावा.

बेडची ऑर्डर देण्यापूर्वी गादी ठरवा. गाद्या ७२, ७५ आणि ७८ इंच लांबीच्या मिळतात आणि बेड बाजारात ७५ चाही मिळतो, ७८ चाही. घरात कोणी पावणेसहा फुटांच्या वर असेल तर ७८ घ्या. बिलावर ‘आतलं माप ७८ बाय ६०’ असं लिहून घ्या. नुसतं ‘क्वीन साइज’ लिहिलं तर दुकानदाराच्या मनातलं माप कोणतं ते आपल्याला कळत नाही. तळाची फळी उचलायला हायड्रॉलिक पंप घेणार असाल तर गादीचं वजनही सांगा. जड गादीवर हलका पंप दिला तर फळी वर थांबत नाही, आणि खाली हात असताना ती आली तर बोटं जातात. पैसे आवरायचे असतील तर पंप सोडा आणि दोन भागांत उचलायची साधी झाकणं घ्या.

बिलाबद्दल एक वाक्य. फर्निचरवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे ‘बिल नको असेल तर कमी करतो’ हे ऐकायला मिळेलच. २७,००० वर चार हजारांचा मोह होतो. पण दर्जा, माप आणि ‘कच्चा असताना दाखवणार’ हे सगळं ज्या कागदावर लिहायचं, तोच कागद हातात राहणार नसेल तर नंतर तुमच्याकडे फक्त आठवण उरते.

आता वेळ. इथे तिघांचीही आश्वासनं वेगळ्या भाषेत असतात. ऑनलाइनवाला ‘पोचेल’ म्हणतो तेव्हा त्याला खोकी पोचणं अपेक्षित असतं. जोडणारा माणूस त्यानंतर एक ते तीन दिवसांनी येतो, आणि काही वेळा माल इमारतीच्या दाराशीच उतरवतात. तयार साठ्यातलं सामान आठवड्यात येतं. अस्सल लाकडाचा बेड मात्र ऑर्डरनंतर करायला घेतात आणि तीन ते पाच आठवडे जातात. दिवाळीच्या सेलमध्ये त्यात भर पडते. पंचेचाळीस दिवसांत एखादा तुकडा बदलायची वेळ आली तर तुमची दिवाळी निघून जाईल. बाजारातली ऑर्डर ‘आठ दिवसांत’ म्हणतात, मी पंधरा धरते. दसऱ्याच्या मुहूर्तावर घरात वस्तू हवी म्हणून त्या आठवड्यात वर्कशॉप आणि टेम्पो दोन्ही अडकलेले असतात, तेव्हा तुमची तारीख दसऱ्याच्या आधीची तरी घ्या किंवा दसऱ्यानंतर पाच दिवसांची तरी.

सुताराचं उलटं आहे. काम तो सांगतो तेवढ्याच दिवसांत करतो, दोन माणसं एका कपाटाला सात-आठ दिवस. उशीर होतो तो सुरुवात करायला. आधीच्या कामात अडकलेला सुतार ‘सोमवारी येतो’ म्हणतो आणि तीन सोमवार जातात. शिवाय आपल्याकडचे अनेक कारागीर राजस्थानचे किंवा उत्तर प्रदेशचे, दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी ते गावी निघतात आणि नंतर तीन-तीन आठवडे येत नाहीत. त्यामुळे तुमच्याजवळ दीड महिना नाही, सुतारासाठी पाच आठवडेसुद्धा नाहीत. त्याला गावी जायची तिकिटं कोणत्या तारखेची आहेत ते विचारा आणि त्या तारखेच्या दहा दिवस आधी कपाट पुरं व्हायला हवं असं धरून मागे मोजा. पुढच्या आठवड्यात तो हत्यारं घेऊन घरी आला नाही तर दुसरा बघा.

पैसे टप्प्यांनी द्या. माल मी आणायचा असेल तर मी मजुरीचे तीन भाग करते: सांगाडा उभा राहिल्यावर एक, सनमायका पुरी झाल्यावर एक, आणि दारं, कुलपं, खण सगळं लावून तपासल्यावर शेवटचा. माल सुतार आणणार असेल तर मालाची रक्कम प्लाय घरात आल्यावरच द्या आणि पावती मागा. प्लायच्या दुकानांकडून सुतारांना कमिशन मिळतं, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्यासाठी दर्जा खाली जाऊ नये म्हणून दुकानात तुम्ही किंवा सासरे बरोबर जा. कमिशन त्याला राहू दे, प्लाय तुम्ही निवडा.

काम चालू असताना एक गोष्ट रोज संध्याकाळी बघायला सासऱ्यांना सांगा. सनमायका चिकटवल्यावर ताव रात्रभर वजनाखाली दाबून ठेवला पाहिजे. घाईतला सुतार खिळे मारून दोन-तीन तासांत पुढे जातो, आणि सहा महिन्यांनी दाराच्या मधोमध फुगा येतो. दारांना सनमायका दोन्ही बाजूंनी त्याच दिवशी लागली पाहिजे. एकाच बाजूला लावून दार दोन दिवस पडलं तर ते वाकतं, आणि वाकलेलं सात फुटी दार कोणत्याही बिजागरीने सरळ होत नाही. सात फुटांना प्रत्येक दाराला चार बिजागऱ्या मोजून घ्या. तीनवर भागवतात. आणि सगळं झाल्यावर दारं-खिडक्या उघड्या टाकून कपाट चार-पाच दिवस रिकामं ठेवा, गोंदाचा वास कपड्यांत बसतो.

मग तुमच्या यजमानांनी काहीच मागवायचं नाही का? मागवा की. चपलांचा स्टँड, मुलांचं अभ्यासाचं टेबल, पुस्तकांचं छोटं कपाट, बाल्कनीतल्या खुर्च्या या सगळ्याला ऑनलाइन उत्तम. वस्तू लहान, कोपऱ्यात बसवायची गरज नाही, वजन थोडं, आणि बिघडलं तर खोक्यात परत जाऊ शकतं. खोकं उघडताना व्हिडिओ काढून ठेवा. तक्रार करावी लागली तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

माल स्वतः आणून कपाट ५५,००० मध्ये आणि बेड २७,००० मध्ये झाला तर ८२,००० होतात. सगळं सुताराकडून केलं असतं तर लाख झाले असते, सगळं ऑनलाइन घेतलं असतं तर पन्नास हजार. ८२,००० सध्या जड जात असतील तर कपाट आत्ता करा आणि बेड दिवाळीनंतर. बाजार तेव्हा रिकामा असतो, भावही सुटतो, आणि तोवर गादी जमिनीवर टाकून झोपता येतं. उलटं करू नका. बेड आधी आला तर त्याच खोलीत सुताराचा भुसा त्या नव्या सनमायकावर पडेल आणि पाच ताव आडवे टाकायला त्याला जागाही राहणार नाही.

या रविवारी सासऱ्यांना घेऊन घरी जा, कोनाडा तीन उंचींवर मोजा, लिफ्टच्या दाराची उंची आणि आतली तिरकी लांबीही मोजा. आठ फुटांचा प्लायचा ताव लिफ्टमध्ये जात नसेल तर चार मजले चढवण्याची हमाली सुताराशी आधीच बोलून घ्यावी लागेल.